महांतेशरावांचा दुसरा राजीनामा

महांतेशराव हेब्बाळे राजीनामा द्यायला आत गेले आणि पगारवाढ घेऊन बाहेर आले.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत मी पर्सोनेलचं काम बघतो. माणसं नेमणं, रजा, पीएफ, आणि जाणाऱ्याची कागदपत्रं नीट करून देणं. राजीनामे मी पुष्कळ पाहिलेत. रागात खरडलेले पाहिले, बायकोच्या अक्षरातले पाहिले, एक तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर आला होता. पण नोकरी सोडायला गेलेल्या माणसानं पगारवाढीच्या कागदावर "आभारी आहे" लिहून सही केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

महांतेशराव आमचे क्वालिटी मॅनेजर. गडहिंग्लजकडचे. घरात आईशी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच खालचा. माल नापास करताना मागंपुढं बघत नाहीत, लाल पट्टा मारून मोकळे. माणसाला मात्र त्यांना नाही म्हणता येत नाही. चहा नको असला तरी अर्धा कप घेतात, आणि कुणी फारच आग्रह केला तर उरलेला अर्धाही.

अशा माणसानं पंचेचाळिसाव्या वर्षी सल्लागार व्हायचं ठरवलं. छोट्या फौंड्रीवाल्याला पूर्णवेळ क्वालिटी मॅनेजर परवडत नाही. त्याच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, दोष कुठून येतोय ते शोधायचं आणि मालकाला सांगायचं. कागल आणि पेठ वडगावकडचे दोघं-तिघं तयारही होते. पण आमच्या पगारावर असेपर्यंत दुसऱ्या फौंड्रीला सल्ला देता येत नाही, तसं नेमणूकपत्रातच आहे. राजीनामा दिल्यापासून दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका पत्रावर.

ते पत्र त्यांनी लिहिलं दोन पानी. पहिल्या पानभर आमच्या मालकांची, म्हणजे आण्णांची थोरवी. दुसऱ्या पानावर फौंड्रीचे उपकार, आण्णांच्या घरून दिवाळीला आलेल्या चिवड्यासकट. आणि अगदी तळाला, "पुढील काळात वेगळी वाट धरण्याचा मानस आहे, तरी योग्य तो विचार व्हावा." राजीनामा हा शब्द नाही. शेवटचा दिवस कुठला, पत्ता नाही.

आता आमच्याकडे मार्चच्या तोंडाला अशी पत्रं येतातच. जायचं कुणालाच नसतं, पगार वाढवून हवा असतो. आण्णांनी पत्र वाचलं आणि पगार वाढवला. त्यात त्यांचं काय चुकलं?

"अवो, पण तुम्ही सही का केलीसा?" मी विचारलं.

"आण्णांनी पेन पुढं केलं की," महांतेशराव म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. त्यानंतर ते तोंडी सांगायला म्हणून आणखी दोनदा आत गेले. एकदा गुळाची ढेप घेऊन परतले, दुसऱ्यांदा नवीन केबिनचा नकाशा. आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर हा गृहस्थ भागीदार होऊनच बाहेर आला असता.

शेवटी त्यांच्या बायकोचा मला फोन आला. वर्षाराणी वहिनी हायस्कुलात गणित शिकवतात आणि बोलतातही तशाच.

"सयाजी भावजी, पैशाची मला काळजी न्हाय. दोन वर्षं घर माझ्या पगारावर चालंल, तेवढं आम्ही बघितलंय. पण ज्याला स्वतःच्या मालकाला जातो म्हणता येत न्हाय, तो दुसऱ्या मालकांना तुमचं चुकतंय म्हणून तोंडावर सांगणार कसा? हे जमत नसंल तर राहू दे म्हणावं, तिथंच बसा."

मी हे शब्दन् शब्द महांतेशरावांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ती बरोबर बोलतीय." मला त्यांचं वाईट वाटलं. थट्टा करत होतो खरा, पण माणूस आतून घाबरला होता.

मग कॅन्टीनमध्ये बसून आम्ही दुसरं पत्र केलं. वर विषय: राजीनामा. खाली एवढंच, की मी क्वालिटी मॅनेजर या पदाचा राजीनामा देत आहे; नोटीस आजपासून धरावी; शेवटचा दिवस अमुक तारीख; तोपर्यंत माझं काम माझ्या जागी येणाऱ्याला समजावून देईन; ग्राहकांची ड्रॉइंग आणि कंपनीची माहिती बाहेर जाणार नाही; मंजूर झालेली पगारवाढ लागू करू नये. शेवटी आभाराची एक ओळ. त्यांनी तिथं हळूच आणखी तीन ओळी घुसवल्या, मी त्या खोडल्या. त्यांनी "क्षमस्व" लिहिलं, तेही खोडलं.

पोच द्यायला म्हणून मी बरोबर आत गेलो. खरं तर त्यांनी पुन्हा गूळ आणू नये म्हणून.

आण्णांनी पत्र वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला.

"म्हंजे तू खरंच चाललायस?"

"व्हय, आण्णा."

"मग मागच्या वक्ताला का न्हाय बोललास?"

"लिहिलं होतं. शेवटी."

"अरं, वरती माझं एवढं गुणगान लावलंयस, शेवटाला पोचंस्तवर मला वाटलं ह्यो जन्मभर हलत न्हाय!" आण्णांचा आवाज चढला तसा उतरला. "बाहेर जाऊन काय करणार?"

"फौंड्रीवाल्यांना सांगणार, माल का परत येतोय ते."

आण्णा खुर्चीत मागं रेलले. "मग आधी मला सांग की. आपला माल का परत येतो?"

मी मनात म्हटलं, संपलं. आता हे साच्याच्या वाळूत ओलावा जास्त म्हणणार. दर महिन्याच्या अहवालात तेच असतं.

महांतेशराव उभेच होते. त्यांनी टेबलाची कड धरली.

"आण्णा, महिनाअखेरीला मी नापास केलेला माल तुम्ही सही करून पाठवता. गाडी भरायची असती म्हणून. पोरांना ते ठाऊक हाय. त्यामुळं शेवटच्या आठवड्यात वाळूकडं कोण बघतच न्हाय. आपण नापास केलं तरी आण्णा सोडणार, असं खाली उघड बोलतात. मी अहवालात वाळूचं नाव लिहीत आलो. वाळू बदलून काय व्हणार न्हाय."

आण्णांशी असं कुणी बोललेलं मी या फौंड्रीत कधी ऐकलं नव्हतं, आणि बोलणारा महांतेश हेब्बाळे असेल असं तर स्वप्नातही नाही. मला त्या माणसाचा भलताच अभिमान वाटत होता.

आण्णांनी पेन उचललं. पत्रावर "मंजूर" लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग महांतेशरावांकडे न बघताच म्हणाले,

"दुसऱ्या कुणाला असं फुकट सांगू नगंस."