दुखत नाही म्हणणारं पाऊल

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये मोठ्या सिस्टरना सगळे 'नळबाई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती होती? एकतीस वर्षं त्या भाजलेल्यांच्या वॉर्डात होत्या. तेवढ्या काळात लोकांनी जखमेवर फासून आणलेलं जे जे त्यांनी पुसून काढलं, त्यातून किराण्याचं दुकान थाटता आलं असतं. टूथपेस्ट, लोणी, पीठ, मध, शाई आणि एकदा तर बुटाचं पॉलिश! पुसता पुसता त्या नातेवाइकाकडे बघून एकच प्रश्न विचारायच्या, "घरात नळ नव्हता का हो?"

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होते. पट्टी कशी बांधायची हे त्यांनी मला तीनदा शिकवलं. तिन्ही वेळा मला रडवलं आणि तिन्ही वेळा नंतर चहा पाजला.

सिस्टरना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करतात, घरातल्याच पुढच्या खोलीत. माणूस इतका शांत, की घरात कुणी आहे हे टिकटिक ऐकून कळावं. एका सकाळी सिस्टरना सर्दी झाली होती. त्यांनी पातेलंभर पाणी उकळलं, ते टेबलाच्या कडेला ठेवलं, डोक्यावरून टॉवेल घेतला आणि वाफ घ्यायला बसल्या. तेवढ्यात शिंक आली. शिंक साधीसुधी नव्हती. वॉर्डातले पेशंट पूर्वी तिला दचकायचे. पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी थेट डाव्या पावलावर गेलं. पायात जाड लोकरीचा मोजा होता.

"मोजा!" सिस्टर ओरडल्या, "अहो, मोजा काढा आधी!"

इथपर्यंतची हकीकत दोघं एकसारखीच सांगतात. गरम पाणी प्यायलेला मोजा पायावर भाजत राहतो, त्यामुळे तो क्षणात उतरवायला हवा. काकांनी तो ओढून काढला, बायकोला धरून न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं आणि पाऊल वाहत्या नळाखाली धरलं. धार बारीक ठेवली. खांद्यांवर शाल घातली, कारण सर्दी झालेली बाई गारठायला नको.

पाच मिनिटांनी सिस्टर म्हणाल्या, "बास झालं. बंद करा."

"वीस मिनिटं," काका म्हणाले.

"अहो, ते पेशंटसाठी."

"मग तू कोण?"

सिस्टरनी डोळे वटारले. त्या डोळ्यांपुढे भले भले डॉक्टर चष्मा पुसायला लागायचे. पण काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वेळेच्या बाबतीत त्या माणसाशी वाद घालणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा शिकवणं.

"बर्फ तरी लावा, लवकर होईल."

हे त्या म्हणाल्या! बर्फाने कातडी आणखी दुखावते म्हणून ज्यांनी निम्म्या गावाला झापलं, त्याच बाई. "तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं," असं त्या आता म्हणतात. "बर्फाचं मी बोललेच नाही," असंही म्हणतात. काकांनी मात्र मला शब्दन् शब्द सांगितला.

वीस मिनिटं झाली. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाचं, आणि पाय तपासायला बसले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"एकतीस वर्षं तू मला जेवताना भातासोबत कातडीचे सगळे थर वाढलेस," काका म्हणाले. "काहीतरी पोटात राहिलं असेलच."

बोटांच्या बाजूला पाय लालगुलाबी झाला होता आणि लिंबाएवढा फोड तरारला होता. तिथे काकांनी कडेला हलकेच दाबलं. जागा पांढरी झाली आणि बोट उचलताच पुन्हा लाल झाली. म्हणजे तिथे रक्त फिरत होतं. पण मधोमध, मोज्याची घडी जिथे होती तिथे, दोन बोटं रुंद पट्टा फिका, कोरडा दिसत होता. तिथे दाबलं, सोडलं. रंग होता तसाच.

"हे वरवरचं आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी घरीच ड्रेसिंग करीन. बघा, त्या मधल्या जागी तर अजिबात दुखत नाही!"

एवढं बोलून त्या जिंकल्यासारख्या हसल्या. मग हसू जागच्या जागी थिजलं. हेच वाक्य त्यांनी वॉर्डात शेकडो लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दरवेळी उत्तर दिलं होतं, "दुखत नाही हीच तर भानगड. खोल भाजलं की दुखणारी नसच जळते." वर त्यांना आठ वर्षांची मधुमेहाची साथ. त्यात पावलाला आधीच कमी जाणवतं आणि जखम हट्टाने भरत नाही.



"अहो," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "गाडी बोलवा."

"तेच म्हणतोय मघापासून."

"तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"मनात म्हणत होतो."

फोड कुणी फोडला नाही. काकांनी डबे झाकायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा रोल आणला, हात लागलेला वरचा वेढा फेकून दिला आणि पुढचा तुकडा पायावर लांबीने अलगद पसरला, गुंडाळला नाही. सूज आली तर आवळायला नको.

दवाखान्यात त्या माझ्यापुढे आल्या तेव्हा मला काय करावं कळेना. त्यांना मात्र कळत होतं. "पावलावर भाजलंय, माझ्या तळहाताहून मोठं आहे, मध्ये खोल वाटतंय, मधुमेह आहे," त्यांनी एका दमात सांगितलं. "यातलं एक कारण असतं तरी यायला हवं होतं. आता त्या तरुण डॉक्टरांना बोलव आणि तू हात धुवून ये."

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, साखर तपासली आणि म्हणाले, "जखम किती खोल, ते आजच पक्कं सांगत नाही. भाजलेलं दोन-तीन दिवसांत रंग बदलतं. परवा पुन्हा बघू."

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या, जणू ते परीक्षेला बसले होते.

फोडाची जागा दोन आठवड्यांत भरली. मधला पट्टा मात्र अडून बसला. शेवटी मांडीवरची पातळ कातडी काढून तिथे लावावी लागली. सिस्टर आमच्याच वॉर्डात आठवडाभर राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला साखर आणि जखमेचं नातं समजावलं, माझ्या दोन पट्ट्या उलगडायला लावल्या, आणि काका भेटायला आले की झोपेचं सोंग घेतलं, कारण ते परिचारिकांना बर्फाची गोष्ट सांगायचे.

लावलेल्या कातडीचं कलम धरलं. दोन महिन्यांनी त्या मऊ बूट घालून, काठीशिवाय, तपासणीला आल्या. पायाकडे त्यांनी बघितलंही नाही. मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "कातडी काढली ना, ही जागा पायापेक्षा जास्त दुखली गं. रात्र रात्र. एकतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही."

मी जरा धीर केला. "सांगितलं असेल, सिस्टर. आपण पाय बघत होतो."

मला वाटलं, आता चौथ्यांदा रडायची पाळी. पण त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेर बाकावर बसलेले काका दार ढकलून आत आले.

"काय झालं?"

"काही नाही हो. या पोरीला आता नोकरी जमायला लागली."

त्या दिवसापासून कलम केलेल्या प्रत्येकाला मी आधी मांडीचं विचारते.