दहापटीचं इंजिन आणि मर्ल झिलमन

मर्ल झिलमन रॉकहॅम्प्टनच्या मालगाडी डेपोत वीज मोजायची. आमच्या प्रत्येक विजेच्या इंजिनात एक मीटर असतो. तारेतून किती वीज घेतली आणि उतारावर ब्रेक लावताना किती परत दिली, ते त्यात उमटतं. महिन्याकाठी सगळ्या गाड्यांचे आकडे मर्लच्या टेबलावर यायचे. तिच्या सहीशिवाय एकही आकडा डेपोबाहेर जात नसे. मी इंजिन चालवायचो, त्यामुळे तिचा माझा रोजचा संबंध. गाडी घेऊन परत आलो की ती विचारायची, "जाताना ठीक, पण रिकामी परत आणताना किती खाल्लं?" तेवीस वर्षांत तिने मला 'कसा आहेस' असं फारतर चारदा विचारलं असेल.

तिचा नवरा डेस लॉइड पेटिग्रूच्या ताफ्यात ट्रक चालवायचा. दोन ट्रेलर जोडलेला, चाळीस टन माल नेणारा लांबलचक ट्रक. म्हणजे नवरा रस्त्यावर, बायको रुळावर. कँटीनमध्ये आम्ही तिला चिडवायचो, की घरात दोन पक्ष असले की लोकशाही नांदते. ती म्हणायची, "घरात दोघं एका वेळी असतो कुठे? म्हणून तर नांदते."

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हरभरा आला.

ब्लॅकवॉटरच्या पश्चिमेला केरिगल नावाची साइडिंग, म्हणजे माल भरायचा रेल्वेचा फाटा, आहे. तिथे हरभऱ्याचे सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टाक्या, आहेत. आसपासच्या शेतकऱ्यांची संस्था तिथला माल ग्लॅडस्टन बंदरावर पाठवते आणि तिथून तो जहाजाने पार तुमच्याकडे, डाळीच्या गिरण्यांत जातो. आजवर शेतातून थेट बंदरापर्यंत सगळा माल ट्रकनेच जायचा. त्या वर्षी खरेदीदारांनी विचारलं, की एक टन माल एक किलोमीटर न्यायला तुम्ही किती ऊर्जा खर्च करता. संस्थेच्या अध्यक्ष हिल्डा बॅनरमन. पासष्टीच्या, स्वतः पेरणी करणाऱ्या. त्यांनी ट्रकवाल्यांना आणि आम्हाला दोघांनाही पत्र धाडलं, की आकडे घेऊन या, जो बरा त्याला दहा वर्षांचं काम.

आमचे साहेब, ॲन्स्ली ट्रॉट, ब्रिस्बेनहून नुकतेच आले होते. साहेब म्हटलं तरी तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. ॲन्स्लीने दुपारच्या जेवणाआधी हिशेब उरकला. भरलेली गाडी टन-किलोमीटरला शून्य पूर्णांक शून्य बावीस युनिट खाते, ट्रक शून्य पूर्णांक तेवीस. म्हणजे गाडी दहापट चांगली. आकडा इतका गोल आणि देखणा होता, की त्याने तो एका इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतला. मग कागद सहीसाठी मर्लकडे पाठवला.

मर्लने कागद वाचला आणि त्याच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"ॲन्स्ली, ट्रकचा आकडा तू कसा काढलास?"

"भरलेला जाताना शंभर किलोमीटरला सत्तावन लिटर, रिकामा येताना पस्तीस. चाळीस टनांनी भागलं, लिटरला दहा युनिट धरले."

"बरोबर. आणि गाडीचा?"

"भरलेली जातानाचा."

"मग आपली गाडी बंदरावरून परत येते कशी? उडत?"

ॲन्स्ली म्हणाला, की हा जाहिरातीचा भाग आहे, यात इतकं खोलात कोण शिरतं. मर्ल म्हणाली, की ती शिरते, त्याचाच तिला पगार मिळतो. कागद तिने टेबलावर ठेवला आणि सही न करता बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती परवानगी न घेता माझ्या गाडीत बसून केरिगलला आली. तिथे तिला जे दिसलं, ते आम्ही ड्रायव्हर रोज बघत होतो आणि म्हणूनच आम्हाला दिसत नव्हतं. सायलोच्या तोंडाखाली डब्यांच्या डोक्यावर वीजवाहक तार ठेवता येत नाही, दाणा पडतो तिथे माणसं आणि यंत्रं वावरतात. त्यामुळे तार चारशे मीटर अलीकडेच संपते. तिथून पुढे एक म्हातारं डिझेल इंजिन डबे एकेक करून तोंडाखाली ओढतं. डबा भरायला दहा मिनिटं, ओढायला एक. उरलेला सगळा वेळ ते इंजिन जागच्या जागी धडधडत उभं. मर्लने ते चालवणाऱ्या शंटरला विचारलं, की मध्ये बंद का करत नाहीस. तो म्हणाला, "बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची हमी तू देतेस का?" आठ तास ती डिझेलच्या टाकीत मोजकाठी बुडवून बघत बसली. तीनशे वीस लिटर गेले.

संध्याकाळी तिने हिशेब नव्याने मांडला. आमच्या गाडीत बावीसशे टन हरभरा, वाट तीनशे किलोमीटरची. जाताना साडेचौदा हजार युनिट, रिकामी येताना आठ हजार. उपकेंद्रात आणि तारेत वाया जाणारे सतराशे, ते इंजिनाच्या मीटरला कधी दिसतच नाहीत. वर डिझेल इंजिनाचे बत्तीसशे. दहापट उतरून साडेपाचपटीवर आली. एवढ्यावर ती थांबली असती तर ॲन्स्लीने तिला माफही केलं असतं. पण तिच्या लक्षात आलं, की शेतातून साइडिंगपर्यंतचे चाळीस किलोमीटर माल ट्रकनेच येणार. थेट बंदराला जाणाऱ्या ट्रकला हा वळसा नाही, त्याची सगळी वाट तीनशे दहा किलोमीटरच्या आसपास. तोही धरला. उरली तीनपटीहून थोडी जास्त.

आता प्रश्न होता ट्रकच्या आकड्यांचा. ॲन्स्लीने ते एका पुस्तिकेतून उचलले होते. मर्लला खरे हवे होते, आणि खरे घरातच होते. डेस अकरा वर्षं प्रत्येक फेरीचं डिझेल वहीत लिहीत आला होता. तिने वही मागितली तेव्हा तो बुटांच्या नाड्या सोडत होता. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "ही वही दिली तर माझी बंदराची फेरी जाणार, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर विचारतेय. नाही म्हणालास तरी चालेल."

डेसने बूट काढून बाजूला ठेवले. "घे. पण एक सांगतो, माझी दया येऊन दोन लिटर कमी लिहू नकोस. लॉइडच्या सगळ्या ताफ्यात माझ्याइतकं कमी डिझेल कोणी जाळत नाही. उद्या कोणी म्हणेल, डेसला बायकोने वाचवलं."

वहीत सरासरी निघाली भरलेला सत्तावन, रिकामा पस्तीस. ॲन्स्लीचा आकडा चुकून बरोबर होता.

बैठक ब्लॅकवॉटरच्या सभागृहात झाली. पन्नास-साठ शेतकरी, चहाचं मोठं पिंप, आणि एका ताटात जॅम लावलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव. आधी ट्रकमालक लॉइड पेटिग्रू बोलला. त्याचा आकडा शून्य पूर्णांक बारा. नवा कोरा ट्रक, भरलेला, बंदराकडे उतरता रस्ता. परतीचा प्रवास त्याच्याही हिशेबात नव्हता. त्यानंतर ॲन्स्लीने सही नसलेला तोच कागद पुढे केला, पडद्यावर इंजिनाचं छायाचित्र दाखवलं आणि दहापट म्हणाला. दोघेही सभ्यपणे बसले. दोघांनीही एकमेकांचा खोटेपणा ओळखला होता, पण आपल्याही अंगाशी येईल म्हणून कोणी विषय काढत नव्हतं.

हिल्डा बॅनरमननी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे तुमच्या दोघांच्या गाड्या बंदरावर जाऊन तिथेच राहतात तर. समुद्रात ढकलता की काय?" मग त्यांनी ॲन्स्लीच्या कागदाचा तळ बघितला. "इथे मोजणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे. मोजणारं कोणी आलंय का?"

मर्ल मागच्या रांगेत होती. ती उभी राहिली आणि चार मिनिटांत सगळं सांगितलं. रिकामी परतफेरी, तारेतलं नुकसान, धडधडणारं डिझेल इंजिन, चाळीस किलोमीटर. शेतापासून बंदरापर्यंत एका टनाला ट्रकने एकाहत्तर युनिट लागतात, गाडीने पावणेबावीस. ॲन्स्ली छताकडे बघत होता.

हिल्डाबाईंनी विचारलं, "पण तुमची वीज तरी कुठून येते? कोळशातूनच ना? तिथपासून मोजलं तर?"

"तिथे कोळशातल्या तीन युनिटांची जेमतेम एक युनिट वीज होते. मग गाडी दीडपटीहून थोडी जास्त चांगली. मात्र मग डिझेलही तेलाच्या विहिरीपासून मोजावं लागेल. दोन्हीकडे सारखं मोजलं तर दोनपटीच्या आसपास. यापेक्षा जास्त मी देऊ शकत नाही."

मग लॉइड पेटिग्रू उठला. तो म्हणाला, की या बाईंचा नवरा माझ्याकडे कामाला आहे आणि माझ्या ट्रकचे आकडे हिने त्याच्याकडून काढले आहेत. त्याला वाटलं होतं, की यामुळे तिच्या आकड्यावरचा विश्वास उडेल. झालं उलटंच. हिल्डाबाईंनी तिच्याकडे वळून एवढंच विचारलं, "काम गाडीला गेलं तर तुझ्या नवऱ्याचं काय?"

"बंदराची फेरी जाईल."

"आणि तरी तू हे सांगतेस. आणि तुझी कंपनी दहा सांगत असताना तू तीन सांगतेस. म्हणजे तुझं ऐकलं तर दोन्हीकडे तुझं नुकसानच." त्या बाकीच्यांकडे वळल्या. "मला वाटतं, हिच्या आकड्यात कोणाचाही फायदा नाही. हाच घ्यावा."

काम आम्हाला मिळालं.

त्याच आठवड्यात मर्लच्या टेबलावर दोन पाकिटं आली. एकात, विनापरवानगी साइडिंगवर गेल्याबद्दल आणि कंपनीचं धोरण बाहेर उघड केल्याबद्दल ताकीद. दुसऱ्यात, करार मिळवण्यातल्या मोलाच्या वाट्याबद्दल अभिनंदन. दोन्हीवर ॲन्स्लीची सही, एकाच शाईतली. मर्लने दोन्ही एकाच फायलीत लावली. मी विचारलं, यातलं खरं कोणतं. ती म्हणाली, "सरासरी काढ."

डिझेल इंजिनाला नवी बॅटरी बसली. आता ते दोन डब्यांच्या मध्ये बंद करता येतं. तिथे फेरीमागे दोनशे लिटर वाचतात. ज्या आकड्याने कंपनीची अब्रू गेली असं ॲन्स्ली म्हणत होता, त्याच आकड्याने हे घडलं. त्यावर त्याने ब्रिस्बेनमध्ये एक भाषण दिलं, त्यात मर्लचं नाव नव्हतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. भाषणातला लिटरचा आकडा मात्र बरोबर आहे ना, एवढं तिने मागवून तपासलं.

डेसला लॉइडने काढलं नाही. शेतातून साइडिंगपर्यंत माल आणायला ट्रक लागणारच होते आणि ते काम लॉइडलाच मिळालं. डेस आता चाळीस किलोमीटरच्या फेऱ्या मारतो. पूर्वी आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर असायचा, आता रोज संध्याकाळी साडेपाचला घरी. पहिले दोन आठवडे दोघांनाही छान वाटलं. तिसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातल्या बरण्यांचा क्रम बदलू लागला. चौथ्यात त्याने तिला सांगितलं, की तू बटाटे फार वेळ उकळतेस, निम्मा गॅस वाया जातो.

मर्लने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो. ती हसली नाही.

"मोजून बघितलं मी," ती म्हणाली. "बरोबर आहे त्याचं."