बोर्ड उतरवण्याचे साठ दिवस

नोटीस कुरिअरने दुकानावर आली तेव्हा मी काउंटरवर होते. पाकीट जाडजूड होतं. आमच्या ह्यांनी उभ्याउभ्याच ते फोडलं, दोन पानं वाचली, तिसरं नुसतं चाळलं आणि म्हणाले, "साठ दिवस दिलेत." त्यांच्या आवाजात चक्क हायसं वाटल्याचा सूर होता. मलाही हायसं वाटलं. आधीच्या वेळी पंधराच दिवस मिळाले होते, त्या मानाने साठ म्हणजे चंगळच की!

आता आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते. पण तेव्हा आम्हाला खरंच असं वाटलं, आणि वाटायला कारणही होतं.

आमचं दुकान दुबईशेजारच्या अजमानमध्ये होतं. मुंबईतल्या एका नामांकित कॉफी ब्रँडची फ्रँचायझी. वरच्या मजल्यांवर फ्लॅट विकणाऱ्या दलालांची ऑफिसं होती. सगळं तेजीत असताना आमच्या ह्यांनी इंजिनिअरची पगाराची नोकरी सोडून यात उडी घेतली होती. दलाल सकाळ-संध्याकाळ खाली यायचे, अजून पायासुद्धा न खोदलेल्या इमारतींचे नकाशे टेबलावर पसरायचे आणि कॉफीवर कॉफी मागवायचे. मंदी आली आणि ते एका महिन्यात गायब झाले. काही तर गाड्या विमानतळावर सोडून गेले, असं लोक सांगायचे. वरच्या ऑफिसांना कुलपं लागली. दिवसभरात दहा कॉफी खपल्या तरी आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

तेव्हा आमचे मॅनेजर भाई मदतीला धावून आले. ते रत्नागिरीकडचे, वीस वर्षं आखातात काढलेले. मला वहिनी म्हणायचे. एके दिवशी त्यांनी पातेल्यात कडक चहा उकळला, डब्यातलं घट्ट दूध घालून, आणि बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या टॅक्सीवाल्याला खिडकीतून नेऊन दिला. इथली रीतच ती. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न द्यायचा, चहा गाडीत यायचा. एक दिरहम, म्हणजे तेव्हाचे तेरा रुपये. आठवड्याभरात दुकानासमोर टॅक्सींची रांग लागली. भाई म्हणाले, "वहिनी, कॉफी ब्रँडला विकू दे, आपण चाय विकू." त्या चहानेच आमचं भाडं निघू लागलं.

कंपनीच्या दुबई ऑफिसातून ऑडिट करायला एक मल्याळी बाई यायच्या. तिशीच्या, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या वेळी त्यांनी पातेलं पाहिलं. मेनूबाहेरचा पदार्थ. पत्र आलं: पंधरा दिवसांत दुरुस्त करा. आम्ही पातेलं बंद केलं, फोटो पाठवले. विक्री घसरली. दोन महिन्यांनी भाईंनी हळूच पुन्हा चहा सुरू केला, पण या वेळी साध्या पांढऱ्या कपांतून, म्हणजे ब्रँडचं नाव खराब व्हायला नको. हा आमचा केवढा मोठा विवेक! दुसरं पत्र आलं: मान्यता नसलेले कप. आम्ही कप बदलले. तिसरं पत्र: गाडीपर्यंत माल नेण्यास मनाई. आम्ही तेही थांबवलं. प्रत्येक वेळी दुरुस्ती केली, प्रत्येक वेळी उलट पत्र आलं की दुरुस्ती स्वीकारली आहे. मग पुढच्या वेळी नवीन काहीतरी चुकायचं. मला वाटायचं, चुकलं आणि निस्तरलं की हिशेब चुकता. शाळेत नाही का, कान धरून उभं केलं की विषय संपतो.

म्हणून चौथं पाकीट आलं तेव्हा आम्ही दिवस मोजले आणि हसलो.

रात्री जेवताना ह्यांनी नोटीस सगळी वाचून काढली. पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की करार संपवला आहे. एका कलमाचा दाखला होता: बारा महिन्यांत तीनदा मानकांचा भंग झाला, तर ते तिन्ही वेळा दुरुस्त केलेले असले तरी कंपनीला करार संपवता येतो. पुढे साठ दिवसांचा आवराआवरीचा काळ. त्या काळात दुकान ब्रँडच्या सगळ्या मानकांनुसारच चालवायचं, रॉयल्टी भरायची, मालाची नवी मागणी गरजेपुरतीच करायची. मुदत संपताच बोर्ड, मेनू, कप, युनिफॉर्म सगळं काढायचं, नियमांच्या पुस्तिका परत द्यायच्या, लायसन्सवरून ब्रँडचं नाव हटवायचं. आणि त्या जागेत वर्षभर कॉफीचा धंदा करायचा नाही.

"संपवला असेल तर मानकांनुसार चालवा कशाला म्हणतात?" मी विचारलं.

"तेच तर," हे म्हणाले. "संपवायचं असतं तर उद्यापासून बंद करा म्हटलं असतं. साठ दिवस मानकं पाळा म्हणजे बघतायत आपल्याकडे."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, ते खरं असावं अशी मला इतकी गरज होती की मी पटवून घेतलं. दुकान गेलं की लायसन्स जाणार, लायसन्स गेलं की ह्यांचा व्हिसा, ह्यांच्या व्हिसावर माझा आणि मुलीचा. पुण्याला परत जायचं, आणि तिथे लोकांना काय सांगायचं? टॅक्सीवाल्यांना चहा दिला म्हणून आम्हाला हाकललं? मुलगी ताटावरून म्हणाली, "आई, टर्मिनेटेड मीन्स फिनिश्ड." मी तिला गप्प जेव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाईंना विचारलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. "नोटीस म्हणजे बोलणी सुरू, वहिनी. खलास करायचं असलं तर माणूस येतो, कागद येत नाही." आमच्या अरबाबना, म्हणजे लायसन्सवरच्या स्थानिक भागीदारांना, ह्यांनी फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला खैर." त्यातून हो की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. वकिलाकडे जावं असं आमच्या कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याऐवजी ह्यांनी विनंती अर्ज लिहिला. आमच्या दोघांच्या घरी सगळे सरकारी नोकरीतले. वरच्या साहेबाला नम्रपणे लिहावं, चूक मान्य करावी, सुधारणेची हमी द्यावी, हे आमच्या रक्तातच. अर्ज चार पानी झाला, सोबत फोटो. चौथ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, आवराआवरीच्या अटी कायम आहेत.

"नोंद घेतली!" हे टेबलावर थाप मारून म्हणाले. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर कचेरीत काढलेलं, त्यांच्या तोंडी नोंद घेतली म्हणजे फाइल पुढे सरकली. आमचा जीव भांड्यात पडला. दुसरी ओळ दोघांनीही वाचली होती. ती आम्ही कशी काय सोडून दिली, ते मला सांगता येत नाही.

मग आम्ही जे केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. हातात होतं नव्हतं ते सगळं दुकानात ओतलं. दाराजवळच्या फुटक्या फरशा बदलल्या. ब्रँडच्या ठरलेल्या रंगात भिंती रंगवल्या, नेमकी तीच छटा मिळेना म्हणून हे तीन दुकानं फिरले. चहाचं पातेलं आणि उरलेले पांढरे कप टाकून दिले. कामावरच्या पोरांना दूध किती गरम करायचं ते पुस्तिकेतून पुन्हा शिकवलं. भाईंनी मिशा कातरून युनिफॉर्मची टोपी घातली, आणि कुणी हॉर्न दिला की ते काचेआडून हात जोडायचे. टॅक्सीवाले शिव्या घालून निघून जायचे. दुकान आरशासारखं झालं आणि त्यात गिऱ्हाईक नव्हतं.

त्या दिवसांत मला विचित्र गोंधळ व्हायचा. सकाळी शटर उघडताना वाटायचं, इतकं छान चाललंय, आता कोण बंद करेल? दुपारी रिकाम्या खुर्च्या पाहून वाटायचं, असं छान चालवून आपण खायचं काय? तेव्हा नोटीस मागे घ्यावी असं वाटत होतं की न घ्यावी, तेही धड कळत नव्हतं. ह्यांना विचारायची सोय नव्हती. ते पुस्तिका उशाशी घेऊन झोपायचे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ऑडिटच्या बाई आल्या. त्या येणार हे कळवलेलं होतं. आम्ही तिघं रांगेत उभे होतो, लग्नघरी पाहुण्यांना सामोरं जातात तसे. त्यांनी मशिन पाहिलं, फ्रिजमधलं तापमान पाहिलं, कप मोजले, संडासचं दारसुद्धा उघडून पाहिलं. एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी कॉफी मागवली, एक घोट घेतला आणि हिंदीत म्हणाल्या, "सर, या वर्षी मी पाहिलेलं हे सगळ्यात चांगलं आउटलेट आहे. खरंच."

हे एकदम खूश झाले. भाई माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मी मनात देवाचे आभार मानून मोकळीसुद्धा झाले.

मग बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "बोर्ड कोण उतरवणार? उद्या संध्याकाळपर्यंत फोटो लागेल मला. आणि लायसन्सच्या नावबदलाचा अर्ज कुठवर आलाय?"

बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अर्ज केला नाही?" त्या म्हणाल्या. "दुसरी जागा? दुसरा धंदा? काहीच नाही?"

"आम्ही सगळं सुधारलं, मॅडम," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यात चांगलं."

"ते तर शेवटच्या दिवसापर्यंत ठेवायचंच होतं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण हे साठ दिवस तुमच्यासाठी होते, मॅडम. तुम्हाला दुसरं काही उभं करता यावं म्हणून. आमच्यासाठी नव्हते."

मला रडू आलं नाही. राग आला, भयंकर. बाईंचा नाही, त्या बिचाऱ्या नोकरी करत होत्या. ह्यांचा, भाईंचा, माझा स्वतःचा, की त्या नव्या रंगाच्या भिंतींचा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

ह्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हे पाया पडणार. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "आजच्या ऑडिटच्या शेऱ्याची एक कॉपी मला मिळेल का?"

बाई गोंधळल्या. "क्लोजिंग ऑडिट फ्रँचायझीला देत नाहीत, सर. ते फाइलला जातं."

"बरं," हे म्हणाले. त्यांनी बाईंना दारापर्यंत सोडलं, त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, त्या गेल्यावर काचेवर उमटलेला हाताचा ठसा रुमालाने पुसला. मग भाईंकडे वळून म्हणाले, "शिडी कुठाय आपली?"