काढून टाकलेलं टमाट्यांचं पान

आमच्या वर्गात सगळ्यांपेक्षा मोठी असलेली एकजण होती. तिला आम्ही ताई म्हणायचो. ती वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होती, त्यामुळं तिचे बरेच तास बुडायचे. अर्थशास्त्राचा तिचा एकच विषय राहिला होता. तो निघाला की पदवी, आणि पदवी मिळाली की सुपरवायझरची जागा. भाव बदलला की मागणी किती बदलते, त्या लवचिकतेचा तास मी फोनवर रेकॉर्ड केला होता. त्याच्या नोट्स काढून देते, असं मी आपणहून म्हणाले.

ॲपनं त्या तासाचा मजकूर करून दिला. चौदा पानं, कुठंही पूर्णविराम नाही. मी त्यातली हजेरी गाळली, ‘कळलं का?’ गाळलं, तीनतीनदा सांगितलेलं एकदाच ठेवलं. व्याख्या, सूत्र, पाच प्रकार, लवचिकता ठरवणारे घटक. दोन पानांत सगळं बसलं.

चौदा पानांतलं एक पान टमाट्यांचं होतं. सर देवगाव रंगारीकडचे. रंगात आले की गावचं बोलायचे. “टमाटे लई पिकले, भाव निम्म्याच्या खाली गेला. आता स्वस्त झाले म्हनून मानूस दुप्पट टमाटे खातो का? नाय! मंग माल जास्त अन् पैसा कमी.” वर्ग हसला होता. आमच्या घरीही असंच बोलतात हे कुणाला कळू नये म्हणून मी जरा जास्तच हसले होते. त्यापुढचं सरांचं वाक्य होतं, “हे पक्कं ध्यानात ठेवा.” तेही मी वाचलं. पण माझ्या पुस्तकी दोन पानांत ते सगळं गावठी दिसत होतं. पुसून टाकलं.

पेपरात प्रश्न आला: पीक भरघोस येऊनही शेतकऱ्याचे उत्पन्न का घटू शकते, ते लवचिकतेच्या आधारे स्पष्ट करा. सरांचे टमाटे आठवून मी पानभर लिहिलं.

बाहेर ताई भेटली. “नोट्स तोंडपाठ होत्या गं. तेवढा एक प्रश्न कोरा राहिला. तुझ्या नोट्स लई छान, माझंच डोकं चालत नाय.”

“होशील गं पास,” मी म्हणाले.

ती थोडक्या गुणांनी नापास झाली. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी म्हणून वडिलांनी पेढे वाटले, येईल त्याला गुणपत्रिका दाखवली. अर्थशास्त्राचे गुण ते मोठ्यानं वाचायचे तेव्हा मी आत निघून जायचे.

ताईच्या फेरपरीक्षेआधी मी तिला चौदाच्या चौदा पानं पाठवली. शिफ्टच्या बसमधून तिचा फोन आला. हसत होती.

“अगं, हे तर आमचं बिडकीनचं टमाट्याचं वावर! दादानं एका साली सगळा माल बैलांपुढं टाकला होता. हे मला कुणी शिकवायला पायजे व्हय? आधी कुठं होतं हे?”

“मी काढून टाकलं होतं.”

“का गं?”

“गावठी वाटलं.”

ती म्हणाली, “ठेवते गं, स्टॉप आला.”

बस चालत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता.