काळी एकमधले बाबा

सेनगावात माझा रेकॉर्डिंगचा छोटा धंदा आहे. जीपवर भोंग्यातून फिरणाऱ्या जाहिराती, भजनी मंडळांची गाणी, असलं सगळं. बाबा देवळात पूजेला होते, रोज संध्याकाळी भजन म्हणायचे. जायच्या महिनाभर आधी माझ्या हट्टापायी त्यांनी देवळात बसून एक अभंग रेकॉर्ड करून दिला. दहा मिनिटांचा. त्यांचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला.

तेराव्यानंतर आईनं तो मागितला. मी कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमध्ये टाकून दिला. दोन ओळी ऐकून तिनं मोबाइल उलटा ठेवला.

"हे तुझे बाबा न्हाईत."

"मग कोण? मीच रेकॉर्ड केलंय ना!"

"कोणतं तरी तरणं पोरगं घाईघाईत गाऊन राहिलं."

मी खेकसलो. म्हणालो, रडून रडून कान गेले तुझे. जळो माझी जीभ! मला तर तो आवाज आवडला होता, बाबा कसे टवटवीत वाटत होते. आईनं पुन्हा रेकॉर्डिंगचं नाव काढलं न्हाई.

पुढं भजनात बाबांना पेटीची साथ करणारे काका स्टुडिओत आले. त्यांना ऐकवलं, तर ते पेटी उघडून सूर शोधायला लागले. बाबा जन्मभर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गायले. हा आवाज त्याच्या वर, पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध.

"पेटीवर बसतच न्हाई हा. काहून रे?" काका म्हणाले.

मी कॉम्प्युटरवर फाइलची माहिती उघडली. माझा रेकॉर्डर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा आवाज टिपतो. कॉम्प्युटरवरचं काम मी अठ्ठेचाळीस हजारावर लावलेलं होतं. फाइल आत घेताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, अठ्ठेचाळीस हजारात बदलून घेऊ का? घाईत मी नको दाबलं. मग एका सेकंदासाठी टिपलेला आवाज सेकंद पुरा व्हायच्या आतच वाजून संपत होता. म्हणून चाल पळती, सूर चढलेला. दहा मिनिटांचा अभंग नऊ मिनिटं अकरा सेकंदांत उरकत होता. आईचे कान बराबर होते.

रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ फाइल नीट बदलून घेतली, घरी गेलो, आईची माफी मागितली आणि लावली.

"हेच," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. प्रत्येक ओळीनंतर बाबा थांबत होते.

"किती दम लागून राहिला होता रे त्यांना. तुला समजलं न्हाई?"

रेकॉर्डिंगच्या दिवशी हेडफोन लावून समोर मीच बसलो होतो. समजलं होतं मला. मीच म्हणालो होतो, "बाबा, श्वासाचा आवाज येतोय, जरा माइकपासून लांब सरका."

ते सरकले होते.