किलोचं काम, तासाचं काम

आम्रपालीला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. भिलाईत घरबसल्या भाषांतर करून पोट भरणारी ही मुलगी एरवी खुर्चीला चिकटलेली असते. आज मात्र चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा ओट्यावरच विसरली. जवळच्या हथखोजचे कारखानदार हेमराज ठवकर यांना नव्या कामाचा दर कळवायचा होता.

ठवकर छोट्या क्रेन बनवतात. त्या नागपूरकडे जातात आणि तिथल्या ऑपरेटरांसाठी इंग्रजी मॅन्युअल मराठीत लागतं. पहिलं मॅन्युअल इतकं किचकट होतं की शब्दामागे पैसे घेतले असते तर ती उपाशीच मेली असती. एकेका वाक्यासाठी तिने ब्रेकची चित्रं पाहिली, फिटरांना फोन केले. म्हणून तिनेच तासाचे पैसे मागितले. चाळीस तास लागले. आता दुसरं आलं, तेवढंच लांब, तसंच. पण शब्द हाताशी होते. दोन पानं करून पाहिली, तर सगळं पंधरा तासांत उरकेलसं दिसलं. काम जमू लागलं म्हणून कमाई निम्म्याहून खाली! याला काय म्हणावं?

"चाळीसच लिहून टाक ना," आई, ललिताबाई, म्हणाली. "कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना, आई."

बोलली खरी, पण मोह तिलाही झाला होता आणि त्याचाच तिला राग आला. तिने तडक स्कूटी काढली आणि शब्दामागे दर मागायला हथखोज गाठलं.

"तूच त तास मांगले होते," शेडमध्ये ठवकर म्हणाले. "आता शब्दावर काहून आली?"

"तवा अवघड होतं, भाऊ. आता हात बसला, त तासात मले कमी भेटते."

"मंग तुहा हात माह्याच पैशानं बसला ना!"

हे आम्रपालीला लागलं. बाजूला ठेक्यावरचा म्हातारा वेल्डर फकिरा बारीक रेलिंग जोडत होता. तिने तिकडे बोट केलं.

"हे काय भावानं?"

"किलोवर."

"जाड गर्डरच्याच भावानं?"

"नाई. वजन कमी, वेल्डिंग जास्त. याचा किलोभाव जास्त."

"अन् दुरुस्ती?"

"तासावर. खोलल्यावर काय निंगन, कोणाले माहीत?"

"फकिराकाकाले पहिले असं रेलिंग कराले दिवस लागे. आता?"

"जेवणाआधी होते."

"हात त तुमच्याच कामावर बसला. मंग किलोमागं कमी देता का?"

ठवकर डोकं खाजवत हसले. "बोल, किती?"

"साध्या पत्राले शब्दाले सव्वा रुपया घेते. हे टेक्निकल, दोन. जी पानं स्कॅनमध्ये पुसट आहेत, तेवढी तासावर."

"मंजूर. हात बसल्याचे पैसे कापाचे नाई, समजलं मले."

फकिराने तोंडावरची काच वर केली.

"कापत नाई, शेठ, हे खरं," तो म्हणाला. "पण पाच वर्षं झाले, वाढवले बी नाई."