समईच्या चौकशीचा फॉर्म

डिचोलीच्या त्या पितळेच्या कारखान्याची वेबसाइट मी केली, तेव्हा त्यावरचा चौकशीचा फॉर्म मी दहा मिनिटांत उरकला होता. नाव, ईमेल, निरोप आणि खाली एक बटण. वेबसाइटच्या कामाला मी नुकतीच लागले होते. पेडण्यात घरच्या पुढच्या खोलीत मेज टाकून बसायची आणि काम दाखवायला स्कूटर घेऊन म्हापशावरून डिचोलीला जायची. फोटो छान आले होते, समया झळाळत होत्या. फॉर्मकडे कोण बघतो, असं मला वाटायचं.

कारखाना तीन माणसांवर चालायचा. काका जुन्या समया आणि दिवे दुरुस्त करायचे. त्यांचा मुलगा देवळांची मोठी कामं घ्यायचा, तो बहुतेक वेळ बाहेरच. दुकान आणि पार्सलं बघायची त्यांची सून. मी तिला वहिनी म्हणायचे. वेबसाइटवरून येणारा प्रत्येक निरोप मुलाच्या ईमेलवर जायचा, कारण ईमेल फक्त त्याचाच होता.

एक दिवस मी दुकानात बसले होते, तेव्हा एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, पुण्याहून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी जुन्या साडीत गुंडाळलेली समई काढली. दांडा मधोमध तुटला होता.

"मी तीनदा लिहिलं तुम्हाला," त्या वहिनीला म्हणाल्या. "आईच्या वर्षश्राद्धाला लावायची होती. श्राद्ध झालं गेल्या आठवड्यात."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. काका आतून हात पुसत आले, समई हातात घेतली, दांडा फिरवून बघितला आणि म्हणाले, "बाये, दोन तासांत करून देतंय. बस तू. वहिनी, चहा ठेव."

वडीलधारे असूनही काका सुनेला वहिनीच म्हणायचे. सगळं घरच तसं म्हणे.

काका तुटलेला दांडा डाग देऊन जोडत होते, तेवढ्यात मी मुलाला फोन करून त्याचा ईमेल उघडायला लावला. साडेतीनशेच्या वर निरोप न वाचलेले. कर्ज देतो, वेबसाइट पहिल्या पानावर आणतो, औषधं विकतो, असलेच सगळे. मुलाने महिनाभर तिकडे बघणंच सोडलं होतं. बाईंचे दोन निरोप त्या गर्दीत सापडले. तिसरा स्पॅमच्या फोल्डरमध्ये होता, आणि ती चूक सरळ माझी होती. फॉर्ममधून जाणाऱ्या ईमेलवर पाठवणारा म्हणून मी भरणाऱ्याचाच पत्ता घातला होता. पत्र आमच्या सर्व्हरवरून निघतं आणि नाव दुसऱ्याचं सांगतं, म्हटल्यावर ईमेलवाले त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

बाई दुरुस्त समई घेऊन गेल्या. काकांनी मजुरी घेतली नाही. त्यानंतर मी काकांसमोर बसून सगळं कबूल केलं. वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी जनेलातून येणाऱ्या उजेडात समईची एक वाटी धरून तिचे आटे बघितले आणि विचारलं, "हो फॉर्म माणसाक काय विचारता?"

"निरोप लिहा, म्हणतो."

"आणि माणूस लिहिता, समई मोडली. कुठे मोडली? बैठक, दांडा की वाटी? उंची किती? माका हेच कळूक होया. दुकानात आलेलो माणूस मी विचारल्याशिवाय कधी सांगता?"

मी वही काढली. त्या दिवशी चार वाजेपर्यंत काका बोलत होते आणि मी लिहीत होते. वहिनीने पावाचे उंडे आणि चहा आणला, तेही तिथेच घेतलं. इतक्या वर्षांत मी कितीतरी फॉर्म केले, पण फॉर्म कसा करायचा ते मला कोणी शिकवलं असेल, तर त्या दुपारी काकांनी.

नव्या फॉर्मचा पहिला प्रश्न होता: कशासाठी लिहिता? नवीन वस्तू घ्यायला, जुनी दुरुस्त करायला, देवळाच्या कामासाठी, की दुसरं काही. दुरुस्ती निवडली, तरच काय मोडलं, उंची किती हे विचारायचं आणि फोटो जोडायला सांगायचं. नवीन वस्तूचे निरोप वहिनीकडे, देवळाचे मुलाकडे. वहिनीला मी एक ईमेल उघडून दिला; दुरुस्तीसाठी वेगळा उघडला आणि तो कारखान्यातल्या फळीवर ठेवलेल्या टॅबवर लावला. 'दुसरं काही' कुणाकडे, यावर वाद झाला. ज्याला ते काम नको, त्याच्याकडे गेलं तर ते तिथेच मरणार. शेवटी वहिनीच म्हणाली, "माझ्याकडे घाल. बघते मी." पाठवणारा म्हणून आता कारखान्याचाच पत्ता होता. उत्तर मात्र थेट लिहिणाऱ्याला जायचं. शिवाय प्रत्येक निरोपाची एक प्रत वेबसाइटवरही राहायची.

स्पॅम अडवायला चित्रं ओळखायला लावणारं कोडं मी घालणार होते. काकांनी ते करून बघितलं आणि तीनदा चुकले. "म्हणजे मी माणूस नाय?" ते हसत म्हणाले. कोडं गेलं. त्याऐवजी मी एक लपलेला रकाना घातला. माणसाला तो दिसत नाही, पण आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्राम दिसेल तो रकाना भरतात आणि तिथे पकडले जातात. शिवाय पान उघडल्यावर तीन सेकंदांच्या आत कोणी फॉर्म पाठवला, तर तोही संशयित.

पहिल्याच आठवड्यात ईमेल शांत झाले. मी खूश. मग वहिनीचा फोन आला. "देवळाचे एक गृहस्थ म्हणतात, त्यांनी लिहिलं. आमच्याकडे काहीच नाही."

मी फॉर्मचा कोड उघडून तपासला. लपलेल्या रकान्याला मी 'कंपनी' असं नाव दिलं होतं. त्या गृहस्थांच्या ब्राउझरने त्यांची साठवलेली माहिती आपसूक भरताना तोही रकाना भरला, आणि माझ्या सापळ्याने त्यांना चोर ठरवून निरोप पुसून टाकला. प्रतही ठेवली नाही, कारण प्रत सापळ्यातून सुटलेल्यांचीच ठेवली जायची. त्यांना फोन करून मी स्वतः माफी मागितली. मग रकान्याचं नाव कुठल्याही ब्राउझरला ओळखू येणार नाही असं केलं आणि संशयित निरोप पुसायचे नाहीत, वेगळे ठेवायचे, असं ठरवलं. दर शनिवारी वहिनी ते चाळायची. महिन्याकाठी एखादा खरा निघायचाच.

पण मला आठवतात त्या दुरुस्तीच्या दुपारी. टॅब वाजला की काका हातातलं काम ठेवून वहिनीला हाक मारायचे. ती फोटो मोठा करून दाखवायची, निरोप वाचायची. 'आजीची आहे, वाटी गळते.' काका चष्मा वर करून बघायचे. "विचार, तेल दांड्यातून गळता की काठावरून?" वहिनी टाइप करायची. मी असले, तर मीही नुसती ऐकत बसायची. मुंबईहून, बेळगावहून, कुठून कुठून लोक लिहायचे. काका त्यांना नावाने नाही, समईने ओळखायचे.

गेल्या वर्षी काका गेले. वहिनीने विचारलं, "दुरुस्तीचा पर्याय काढून टाकूया का?" मी तो लगेच काढला नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "राहू दे. डाग द्यायला मी शिकले आहे त्यांच्याकडून. मोठं काम नाही जमणार, तसं आधीच लिहून टाक."

मी दुरुस्तीच्या प्रश्नांच्या वर एक ओळ घातली: छोटी दुरुस्ती करून मिळेल. परवा आमोण्याच्या एका कुटुंबाची समई आली होती, दांडा हलत होता. वहिनीने ती बसवून परत पाठवली.